केळीचा खांब हिरवा ठेवण्याची कृती
(खान्देशातल्या नवशिक्या लग्न-फोटोग्राफरांसाठी)

ही कृती ज्यांच्यासाठी आहे त्यांनी आधी स्वतःला ओळखावे. तुमचा स्टुडिओ जळगावात किंवा धुळ्यात, गेला बाजार अमळनेर-पारोळ्यात आहे. काउंटरवर नमुन्याचे तीन अल्बम आहेत. पहिल्यात नवरी खिडकीत बसून बाहेर बघते आहे, आणि त्या खिडकीबाहेर लॉन्सच्या जनरेटरशिवाय काही नाही. दुसऱ्यात नवरदेव घड्याळाचा पट्टा लावतो आहे. तिसऱ्यात दोघे मेहरूण तलावाकडे पाठ करून एकमेकांच्या कपाळाला कपाळ टेकवून उभे आहेत. पार्टी येते, पाने उलटते आणि म्हणते, "छान आहे, पण हे तर मागच्या गल्लीतल्या भाऊंकडेही बघितलं." मग बोलणे भावावर येते, आणि भाव मागच्या गल्लीतल्या भाऊंचा कमी असतो.

अशा वेळी लोक सल्ला देतात की स्वतःची शैली शोधा. कुठे शोधायची ते सांगत नाहीत. मी चौदा हंगाम हेच काम करतो आहे. त्यांतले पहिले नऊ मी शैली विकत घेण्यात घालवले. तेव्हा खाली दिलेली कृती अनुभवाची आहे, विद्वत्तेची नाही.

साहित्य

एक कॅमेरा, एक पस्तीस मिलिमीटरची लेन्स, तीस छापील फोटो, एक न लाजणारा मित्र आणि थोडा अपमान सोसण्याची तयारी. प्रीसेटचे पॅकेट लागत नाही. आधीच घेतले असेल तर हरकत नाही, पहिल्या पायरीला ते उपयोगी पडेल.

पायरी पहिली : आपण कोण आहोत ते न ओळखता येणे

आपले दहा फोटो घ्या. ओळखीच्या दोन फोटोग्राफरांकडून त्यांचे दहा-दहा मागून घ्या. सगळे चार बाय सहा इंचांत छापा, मागे पेन्सिलीने खूण करा, पत्त्यांसारखे पिसा आणि त्या न लाजणाऱ्या मित्राला द्या. त्याने तीन गठ्ठे करायचे. डोळे मिटून वाटले तरी तिसातले साधारण दहा बरोबर पडतात, हे लक्षात ठेवा.

माझ्या मित्राचे अकरा बरोबर आले. म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या कलेची किंमत एक फोटो. त्याहून वाईट पुढेच होते. मी स्वतः ते गठ्ठे तपासायला बसलो आणि एक फोटो छातीठोकपणे माझा म्हणून उचलला. मागची खूण दुसऱ्याची निघाली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. तो फोटो ज्या पोराने काढला होता तो रोजावर काम करणारा होता. फेब्रुवारीत तो माझ्याकडे यायचा, एप्रिलमध्ये त्यांच्याकडे. माझ्या दहांतले चार फोटोही त्याचेच होते.

आपल्या धंद्याची गोम इथेच आहे. दाट मुहूर्ताच्या तारखेला एकेका स्टुडिओकडे तीन-तीन ऑर्डरी असतात, तेव्हा सगळे जण त्याच मोजक्या फ्रीलान्सरांना बोलावतात. निवडलेले फोटो त्याच दोन-चार डिझायनरांकडे जातात. ते त्याच तयार शीटवर बसवले जातात, जिच्या कोपऱ्यात गुलाब आहे आणि मधे 'मेड फॉर इच अदर' लिहिले आहे. डोळा भाड्याचा, रंग विकतचा आणि पान तयार. त्यात आपले म्हणून उरते ते कव्हरवरचे स्टुडिओचे नाव. तेव्हा पहिला नियम सोपा आहे: नमुन्याच्या अल्बममध्ये दुसऱ्याने काढलेला एकही फोटो ठेवायचा नाही. माझ्याकडे हा नियम लावल्यावर तीन अल्बमचा एक अल्बम झाला, तोही बारीक.

पायरी दुसरी : केळीचा खांब तपासणे

आता उरलेल्या फोटोंत मांडवाच्या दाराशी बांधलेला केळीचा खांब शोधा. रावेर-यावलची केळी देशभर जाते, आपल्याकडे मांडवाला खांब मिळायची अडचण नाही. तो सापडला की त्याचा रंग बघा. तपकिरी दिसला तर घाबरू नका. झाड वाळलेले नाही, प्रीसेट लागलेला आहे.

हे कसे होते ते समजून घेतले पाहिजे, कारण तिथेच खान्देश पुसला जातो. लाइटरूममध्ये प्रत्येक रंगाच्या तीन पट्ट्या असतात. एक रंगाची छटा सरकवते, दुसरी त्याचा गडदपणा कमी-जास्त करते, तिसरी उजेड. सध्या चालणाऱ्या 'मूडी' प्रीसेटमध्ये हिरव्याची छटा पिवळ्याकडे ढकललेली असते आणि गडदपणा जवळजवळ काढून टाकलेला असतो. पिवळा नारिंगीकडे सरकवलेला असतो. ही सोय मुळात ज्या देशांत लग्ने ढगाळ उजेडात आणि दाट झाडीत होतात, तिथली. पांढरा झगा आणि गर्द हिरवळ असेल तर ती खुलते. आपल्याकडे हळदीचा रंग पिवळा, शालूला हिरवा काठ, चुडा हिरवा, खांब हिरवा, वाढायची पानेही हिरवी. पट्टी सरकली की हळद गेरूसारखी दिसते, चुडा शेवाळी होतो आणि नवरीच्या आईने चार दुकाने फिरून निवडलेला पोपटी शालू शेणाने सारवल्यासारखा होतो. आई काही बोलत नाही. ती फक्त फोटो डोळ्यांजवळ नेते, मग लांब धरते.

म्हणून दुसरा नियम: केळीचा खांब हिरवा आणि हळद पिवळी दिसेल तिथे थांबायचे. दिवसाच्या कामासाठी मी कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 5500 केल्विनच्या आसपास एकदाच ठरवून ठेवतो आणि नंतर सगळ्या फोटोंवर एकच साधी सुधारणा करतो. त्यामुळे सकाळचा फोटो सकाळसारखा आणि दुपारचा दुपारसारखा येतो. एका लग्नातले सगळे फोटो एकाच चहात बुडवल्यासारखे दिसत नाहीत.

पायरी तिसरी : मागचे धूसर न करणे

ही पायरी सर्वांत दुखते, कारण हिच्यात तुमची महागाची लेन्स कपाटात जाते.

85 मिलिमीटरची, f/1.4 उघडणारी लेन्स घेऊन दोन मीटरवरून नवरीचा फोटो काढला तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे आणि नथ स्पष्ट, कानातले झुबे धूसर, आणि त्यामागचे सगळे लोण्यासारखे वितळलेले. फार सुंदर दिसते. पण जे वितळले त्यात काय होते ते आठवा. घराची निळी भिंत होती, ओट्यावर बसून अहिराणीत हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया होत्या, नातवाला मांडीवर घेऊन बसलेले जिभाऊ होते. ते सगळे लोणी झाले. आता ही नवरी जळगावची आहे, जबलपूरची आहे की जालंधरची, हे सांगायला फोटोत काही उरले नाही. आणि लोणी सगळीकडे सारखेच दिसते. आपले फोटो शेजाऱ्यासारखे दिसतात त्याचे निम्मे कारण हे आहे.

त्याच जागेवरून 35 मिलिमीटरची लेन्स f/5.6 वर ठेवली तर स्पष्टतेचा पट्टा मीटरभराहून थोडा जास्त होतो. नवरी स्पष्ट, तिच्या खांद्याशी उभी बहीण स्पष्ट, मागची भिंत थोडी मऊ पण ओळखू येणारी. अडचण अशी की आता मागे जे आहे ते सगळे दिसते: प्लास्टिकच्या खुर्च्या, कॅटररचे क्रेट, आणि ज्याला घरात कोणी ओळखत नाही असा एक माणूस. लेन्सने झाकायचे काम आता पायांनी करायचे. एक पाऊल डावीकडे सरकले की क्रेट नवरीच्या मागे लपते. गुडघ्यावर बसले की खुर्च्या जातात. तो माणूस मात्र प्रत्येक लग्नात असतो, त्याला उपाय नाही.

फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम एकाच 50 मिलिमीटर लेन्सवर केले. पण त्यासाठी पॅरिसला जायला नको. धुळ्याहून चाळीसगावची पॅसेंजर धरा. चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात केकी मूस (1912–1989) राहत. ते दशकानुदशके घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. पंजाब मेलने येणार असलेल्या कुणाची तरी ते वाट बघत होते, अशी कथा गावात सांगतात. कथा राहू द्या. काम बघा. टेबलावर साध्या घरगुती वस्तू मांडायच्या, त्यांवर हवा तिथून उजेड पाडायचा आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, अशी त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. घर तेच, टेबल तेच, पण उजेडाचा कोपरान् कोपरा पाठ. मेलगाड्या दारावरून जात असताना त्या माणसाने जग टेबलाएवढे करून घेतले आणि त्यामुळेच त्यांचे चित्र ओळखू येते. आपण नेमके उलटे करतो. दर हंगामाला नवी लेन्स, नवे गिंबल, नवा ड्रोन घेतो, आणि उजेड कोणत्या बाजूने येतो आहे ते ऑपरेटरला विचारतो.

पायरी चौथी : एक लग्न करून बघणे

(दुसऱ्याचे.)

पांझरेकाठच्या एका गावातले मे महिन्यातले लग्न घेऊ. हळद सकाळी सातला, लग्न दुपारी साडेबाराला. दारात मांडव, वर हिरवी शेडनेट.

हळदीला पहिली चूक होणार ती शेडनेटची. जाळीतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो. हळद लावलेल्या गालावर तो पडला की माणूस काविळीतून नुकता उठल्यासारखा दिसतो. संगणकावर हिरवा काढायला गेलात तर सगळा फोटो जांभळट होतो. फ्लॅश मारलात तर पुढचा चेहरा पांढरा आणि मागची मंडळी हिरवी. वर फेकलात तर तो जाळीतून निम्मा निघून जातो आणि उरलेला हिरवा होऊन परत येतो. उपाय कॅमेऱ्यात नाही, पाटात आहे. नवरीचा पाट मांडवाच्या मधून उचलून कडेला, दाराच्या बाजूला, दोन हात सरकवा आणि तिचे तोंड बाहेरच्या उघड्या आभाळाकडे करा. सातच्या सुमाराला घराची सावली अंगणात असेल तर समोरून मऊ, स्वच्छ उजेड येतो. समोर चुन्याने पांढरी केलेली भिंत असेल तर आणखी बरे. निळी असेल तर पाट फिरवा, नाहीतर गालावर निळसर झाक येते. यासाठी आदल्या संध्याकाळी घरी जाऊन चहा प्यावा आणि आजीला पाटाची जागा विचारावी. पाट आजीच्या परवानगीशिवाय हलत नाही. ऐन वेळी हलवायला गेलात तर "काय करी राहिना रे भाऊ?" हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसते.

आता साडेबारा. मंगलाष्टका सुरू होतात. इथे आपली सगळी जमात एकाच जागी उभी राहते: नवरा-नवरीच्या पुढे, वऱ्हाडाकडे पाठ करून. दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, एक लाइट धरणारा. वऱ्हाडाला लग्न दिसत नाही, आपली पाठ दिसते. आणि फोटोत येतो तो मागचा थर्माकोलचा पडदा, जो डेकोरेटरने कालही लावला होता आणि उद्याही लावणार आहे.

तुम्ही बोहल्याच्या मागच्या बाजूला जा. पडदा आणि भटजी यांच्यामध्ये हात-दीड हाताची बोळ असते, तिथे पाण्याचा जार आणि फुलांच्या रिकाम्या करंड्या ठेवलेल्या असतात. तिथून वऱ्हाडाकडे तोंड करून उभे राहा. दोन मीटरवर 35 ची लेन्स साधारण दोन मीटर रुंदी पकडते. डावीकडे नवरीची बाजू, उजवीकडे नवरदेव, मधे कडेने दिसणारा अंतरपाट, दोघांच्या मागे मामा. आणि अंतरपाटाच्या दोन्ही अंगांनी समोर सगळे गाव, मुठीत अक्षता घेऊन तुमच्याकडे बघणारे. वर जाळी, कडेला केळीचा खांब. हा फोटो दुसऱ्या कुठल्या गावात निघू शकत नाही, कारण त्यातली माणसे दुसऱ्या गावात राहत नाहीत.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली उजेडाची. मांडवाबाहेर मे महिन्याचे ऊन आहे आणि बोहल्यावर सावली. नवरा-नवरीच्या चेहऱ्याप्रमाणे उजेड मोजला तर कडेला उन्हात उभी असलेली मंडळी पांढरी होऊन नाहीशी होतात. म्हणून कच्च्या, म्हणजे रॉ फाइलमध्ये काढा, चेहरे थोडे काळोखे येऊ द्या आणि नंतर उचला. काळोखातले थोडे परत मिळते, पांढरे झालेले मिळत नाही. दुसरी अक्षतांची. 1/250 सेकंदाला उडता तांदूळ आखूड रेघेसारखा येतो, 1/1000 ला दाण्यासारखा. मला रेघ आवडते, तिच्यात 'सावधान'चा झपाटा दिसतो. तुम्हाला दाणा आवडेल. काहीही घ्या, पण दहा लग्नांत तेच घ्या. शैली या शब्दाचा हिशोब एवढाच आहे.

पायरी पाचवी : पार्टीला न दुखवणे

पस्तीसच्या लेन्सवर श्रद्धा ठेवून आहेराचे फोटो चुकवलेत तर शैली राहील, उरलेले पैसे राहणार नाहीत. नवरीचा समोरून चेहरा, मंगळसूत्र, सप्तपदी, दोन्हीकडच्या मंडळींचे गट, आणि ज्या फुईला मागच्या लग्नात फोटोत घेतले नव्हते तिचे एकटीचे दोन फोटो, हे सगळे व्हायलाच हवे. ते पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला द्या. दीड हजार फोटोंत तुमचे म्हणावे असे शंभर निघाले तरी पुष्कळ झाले. मात्र ते शंभर तुम्ही स्वतः काढलेले हवेत.

रात्री लॉन्सवर स्वागत समारंभ असेल तर आणखी थोडी माघार घ्यावी लागते. एलईडीच्या भिंतीपुढे शटर वेगात ठेवले तर फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या स्वस्त दिव्यांची लुकलुक सेकंदाला शंभर वेळा होते. 1/100 किंवा 1/50 वर ती बहुधा सुटते. भिंतीचे गणित तिच्या यंत्रावर असते, म्हणून लोक यायच्या आधी दोन-चार फोटो काढून बघावेत. तिथला जांभळा उजेड कुणाच्याच शैलीला जुमानत नाही. मी रात्रीचे फोटो नमुन्याच्या अल्बममध्ये ठेवतच नाही.

अल्बमच्या डिझायनरला स्वच्छ सांगा: पान पांढरे, एका पानावर एक किंवा दोन फोटो, गुलाब नाही. तो विचारील, "मग मी काय करू?" त्याला चहा पाजा.

नेहमीच्या तक्रारी

फोटोत वरण-बट्टीची पंगत दिसते, 'रिच लुक' येत नाही. : बरोबर आहे. ज्याला पंगत नको तो तुमचा गिऱ्हाईक नाही. असे दहांत चार निघतात, मी मोजले आहेत. उरलेले सहा मात्र भाव करताना मागच्या गल्लीचे नाव घेत नाहीत.

बोहल्यामागचा फोटो मलाच आता सारखा दिसतो. : लग्नघरी पोचायच्या आधीच फोटो डोळ्यांपुढे दिसू लागला, तर समजा शैलीची सवय झाली. महिनाभर ती जागा सोडा. लेन्स आणि रंग तेच ठेवा, उभे राहायची जागा बदला. मी एक हंगाम आचाऱ्याच्या कढईशेजारी काढला. वजन वाढले, पण फोटो सुधारले.

प्री-वेडिंगला काय करावे? : लळिंगच्या किल्ल्यावर धुराचे नळकांडे पेटवू नये. मुलीला विचारावे की ती रोज कुठे जाते. एकीने कपाशीच्या जिनिंगमध्ये वडिलांचा हिशोब बघते म्हणून सांगितले. तिथे सरकीच्या ढिगापुढे काढलेला फोटो माझ्या काउंटरवर अजून आहे.

पायरी शेवटची : पुन्हा पिसणे

दोन हंगामांनी तीच तीस फोटोंची चाचणी त्याच मित्रावर करा. या वेळी फक्त तुमचे दहा ओळखायला सांगा. माझ्या मित्राने आठ बरोबर काढले. उरलेल्या दोनांविषयी तो म्हणाला, "हे तुझे असतील तर काढून टाक." ते माझेच होते. काढून टाकले.

आता नमुन्याचा अल्बम एकच आहे, त्यात चाळीस फोटो आहेत आणि प्रत्येकातला केळीचा खांब हिरवा आहे. तुम्ही पुढच्या ऑर्डरीला बोहल्यामागे उभे राहणार असाल तर एवढेच सांगणे: तो पाण्याचा जार आधी बाजूला करा. माझा पाय ऐन 'सावधान'ला त्यावर पडला होता आणि त्या लग्नाचा तो एकच फोटो तिरपा आहे.